बारा लाख इम्प्रेशन, पण माणसं किती? डिस्प्ले जाहिरातीत फ्रीक्वेन्सी कॅप ठरवण्याची रीत

महिनाअखेरीस एजन्सीकडून डिस्प्ले जाहिरातींचा रिपोर्ट येतो तेव्हा सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या टायपात इम्प्रेशनचा आकडा असतो. समजा घोडबंदर रोडवर मॉड्युलर किचनचं एक शोरूम आहे आणि त्याच्या रिपोर्टात १२,००,००० इम्प्रेशन लिहिलेत. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका हद्दीची लोकसंख्या साधारण १८ लाख ४१ हजार होती. मालक मनात भागाकार करतात आणि म्हणतात, "म्हणजे निम्म्याहून जास्त ठाण्याने आपली जाहिरात बघितली की!"

तसं झालेलं नसतं. इम्प्रेशन म्हणजे जाहिरात दाखवली गेल्याची नोंद. एकाच बाईंना सकाळी रेसिपीच्या साइटवर, दुपारी बातम्यांच्या साइटवर आणि रात्री गेम खेळताना तीच जाहिरात दिसली तर इम्प्रेशन तीन, माणूस एक. याच रिपोर्टात युनिक यूजर्सचा कॉलम चालू केला आणि तिथे १,५०,००० निघाले, तर बारा लाखांचा अर्थच बदलतो. दीड लाख माणसांना सरासरी ८ वेळा जाहिरात दिसली, असा तो अर्थ.

सरासरी ८ ऐकायला बरी वाटते. महिन्यात आठ वेळा, म्हणजे आठवड्याला दोनदा. त्रासही नाही आणि विसरही पडणार नाही. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फ्रीक्वेन्सी कॅपला, म्हणजे एकाच माणसाला जाहिरात जास्तीत जास्त किती वेळा दाखवायची या मर्यादेला, हात लावत नाहीत, किंवा कोणीतरी सांगितलं म्हणून "दिवसाला ३" टाकून मोकळे होतात. खरी गडबड या सरासरीच्या पोटात आहे, म्हणून ती उलगडून बघू.

सरासरीच्या आत काय असतं

पुढचे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण घडण ओळखीची आहे. डिस्प्लेमध्ये वाटणी जवळजवळ नेहमी अशीच एका बाजूला झुकलेली निघते. दर हजार इम्प्रेशनला ६० रुपये पडले असं धरू, म्हणजे महिन्याचा एकूण खर्च ७२,००० रुपये.

| महिन्यात किती वेळा दिसली | माणसं | इम्प्रेशन | खर्च (₹) |
|---|---|---|---|
| १ | ४८,००० | ४८,००० | २,८८० |
| २–३ | ३९,००० | ९३,६०० | ५,६१६ |
| ४–७ | ३०,००० | १,५६,००० | ९,३६० |
| ८–१५ | १८,००० | १,९८,००० | ११,८८० |
| १६–३० | ९,००० | १,९८,००० | ११,८८० |
| ३१ आणि वर | ६,००० | ५,०६,४०० | ३०,३८४ |

वरच्या दोन ओळी आधी बघा. ८७,००० माणसांनी, म्हणजे शंभरातल्या ५८ जणांनी, जाहिरात जास्तीत जास्त तीनदा पाहिली. आता सगळ्यात खालची ओळ. फक्त ६,००० माणसं, शंभरातली चार, पण इम्प्रेशन ४२ टक्के त्यांच्याच वाट्याला. बहात्तर हजारांतले तीस हजार या चौघांवर गेले. यातल्या प्रत्येकाला महिन्यात सरासरी ८४ वेळा तेच पांढरं किचन दिसलं. सरासरी ८ ज्याच्या वाट्याला आली असा माणूस या तक्त्यात शोधावा लागतो.

आता "दिवसाला ३" या लोकप्रिय कॅपचं काय होतं ते पाहा. ८४ भागिले ३० दिवस केलं तर रोजचे २.८ येतात. म्हणजे ज्यांना जाहिरातीचा मारा सोसावा लागतोय त्यांची रोजची सरासरीच तीनच्या आत आहे. दिवसाला तीनचा कॅप लावला तर एखाद्या दिवशीचे पाच-सहा तीनवर येतील, बाकी फारसं काही हलणार नाही. कॅप लावल्याचं समाधान मात्र मिळेल. कॅप जितक्या छोट्या काळासाठी, तितका तो महिन्याच्या हिशेबात ढिला, आणि नेमकी हीच गोष्ट इम्प्रेशनचा आकडा बघून कधी लक्षात येत नाही.

युनिक यूजर्सचा आकडा कसा काढायचा, आणि त्याची बेरीज का करायची नाही

गुगल अ‍ॅड्समध्ये मोहिमांच्या यादीवर Columns उघडून त्यात Unique users आणि Avg. impr. freq. per user हे दोन कॉलम जोडायचे. तारखांचा पट्टा ९२ दिवसांपेक्षा मोठा घेतला तर हा आकडा मिळत नाही, तेव्हा तिमाहीच्या पुढे जाऊ नका.

हा आकडा कधीही बेरजेने काढायचा नसतो. पहिल्या आठवड्याचे ६० हजार, दुसऱ्याचे ५८ हजार असं एक्सेलमध्ये जोडत गेलात तर महिन्याला अडीच लाखांच्या आसपास बेरीज येईल. खरी माणसं दीडच लाख, कारण पहिल्या आठवड्यातले बरेच जण दुसऱ्या आठवड्यातही मोजले गेलेत. मोहिमांच्या बाबतीतही तेच. ज्या काळाचा आणि ज्या पातळीचा आकडा हवा, त्यासाठी रिपोर्ट तसाच नव्याने मागवायचा. एजन्सीच्या पीपीटीत चार आठवड्यांची बेरीज "टोटल रीच", म्हणजे एकूण पोचलेली माणसं, म्हणून लावलेली दिसली तर तिथेच थांबवून विचारा.

हा आकडा मोजदाद नाही, अंदाज आहे, हेही ध्यानात ठेवायचं. कोलशेतला राहणारा आणि ऐरोलीत नोकरी करणारा माणूस घ्या. हाफिसचा लॅपटॉप, खिशातला फोन, घरचा टॅब. ब्राउझरच्या दृष्टीने हे तीन वेगळे "यूजर" आहेत. उलट घरचा टॅब बायको, मुलं आणि आजी सगळे वापरतात, पण ओळख एकच. गुगल लॉगिनच्या खुणा आणि आकडेशास्त्राचं मॉडेल वापरून ही गुंतागुंत सोडवतं आणि माणसांचा अंदाज देतं. कॅप मात्र अंदाजावर चालत नाही. जाहिरात दाखवण्याच्या क्षणी समोरच्या उपकरणाची जी ओळख हाती लागते, तिच्यावर तो चालतो. अ‍ॅपलच्या सफारीने मार्च २०२० पासून थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे माणूस साइट बदलत गेला तरी त्याला ओळखायला तिसऱ्या कंपनीने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, पूर्णपणे बंद केल्या. आयफोनवर एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ पासून अ‍ॅपना ट्रॅकिंगसाठी परवानगी विचारावी लागते. अशा ठिकाणी ओळख अर्धवट असते आणि कॅप गळतो. म्हणून कॅपचा आकडा हिशेबात जेवढा येईल, त्यापेक्षा किंचित कमी ठेवलेला बरा. वर ढकलायचा तर नाहीच.

वाटणी दिसत नसेल तर

वरच्यासारखा तक्ता सगळ्यांना आयता मिळतो असं नाही. मोठी एजन्सी वेगळा अ‍ॅड सर्व्हर, म्हणजे जाहिराती दाखवणारी आणि मोजणारी यंत्रणा, वापरत असेल तर त्यात प्रत्येक दाखवण्याची नोंद असते आणि फ्रीक्वेन्सीप्रमाणे ओळी मागता येतात. अशी सोय असेल तर हट्टाने मागा. नसेल तर हातातल्या दोन कॉलमांवरूनही बरंच कळतं.

पहिली युक्ती म्हणजे अ‍ॅड ग्रुपप्रमाणे फोड करणं. आपल्या शोरूमच्या मोहिमेत दोन अ‍ॅड ग्रुप आहेत असं समजू. एक नव्या लोकांसाठी, म्हणजे ठाण्यात घर सजवण्याच्या शोधात असलेल्यांसाठी. दुसरा रीमार्केटिंगचा, म्हणजे जे वेबसाइटवर येऊन गेले त्यांच्यासाठी. फोड केल्यावर असं दिसलं: नव्या लोकांमध्ये ६,४०,००० इम्प्रेशन, १,४०,००० माणसं, सरासरी साधारण ४.६. रीमार्केटिंगमध्ये ५,६०,००० इम्प्रेशन, १४,००० माणसं, सरासरी ४०. दोन्ही गटांतली माणसं जोडली तर १,५४,००० होतात, मोहिमेची एकूण दीड लाखच आहेत. जादाचे चार हजार दोन्हीकडे सापडलेले. इथे चोर लगेच हाती लागतो. ८ ही सरासरी ४.६ आणि ४० यांची खिचडी होती.

असं का होतं, याचं कारण सोपं आहे. रीमार्केटिंगची यादी लहान असते आणि त्यातल्या लोकांकडून चौकशी येण्याची शक्यता जास्त असते. जाहिरातीच्या प्रत्येक जागेच्या लिलावात आपोआप बोली लावणाऱ्या ऑटोमॅटिक बिडिंगला हे कळतं, त्यामुळे ते या लोकांसाठी चढी बोली लावून जवळजवळ प्रत्येक लिलाव जिंकतं. त्यात बजेट भरपूर ठेवलं असेल तर त्याच चौदा हजार लोकांवर ते पुन्हा पुन्हा खर्च होत राहतं. भरीस भर, ज्यांनी फॉर्म भरला किंवा ऑर्डरही दिली त्यांना यादीतून वगळलेलं नसतं. ओटा बसवून झाला तरी त्या माणसाला ओट्याची जाहिरात दिसत राहते.

दुसरी युक्ती एका दिवसाचा आणि महिन्याचा आकडा शेजारी ठेवण्याची. समजा रोज सरासरी ४०,००० इम्प्रेशन आणि १६,००० युनिक यूजर्स दिसतात. म्हणजे ज्या दिवशी दिसली त्या दिवशी माणसाला सरासरी अडीच वेळा दिसली. आता तीस दिवसांचे रोजचे युनिक जोडायचे, ४,८०,०००. ही बेरीज रीच म्हणून खोटी आहे हे आत्ताच सांगितलं, पण इथे ती माणसं मोजायला वापरत नाही आहोत. तिला महिन्याच्या १,५०,००० ने भागलं की ३.२ येतात: सरासरी माणूस महिन्यातल्या इतक्या दिवशी सापडला. ३.२ गुणिले २.५ बरोबर ८. आता सरासरी ८ कशी बनली ते कळलं. थोडे दिवस, पण त्या दिवशी लागोपाठ. हाच आकडा ८ दिवस गुणिले १ असा आला असता तर प्रश्न वेगळा, आणि दिवसाचा कॅप तिथे बिनकामाचा.

कॅपचा आकडा कुठून आणायचा

"आठवड्याला अमुक वेळा दाखवली की माणूस खरेदी करतो" असले ठोकताळे इंटरनेटवर ढिगाने आहेत. ते साबणाला आणि दोन लाखांच्या किचनला सारखेच कसे लागू पडतील? आकडा आपल्याच चौकश्यांमधून काढायचा.

शोरूमला या महिन्यात ९० चौकश्या आल्या, म्हणजे प्रत्येकीला सरासरी ८०० रुपये पडले. चौकशी करण्याआधी त्या माणसाला जाहिरात किती वेळा दिसली होती, त्याप्रमाणे वाटणी केली तर समजा असं निघालं: एकदा दिसलेल्यांतून ९, दोन-तीनदावाल्यांतून १७, चार ते सातमधून २७, आठ ते पंधरामधून २०, सोळा ते तीसमधून ९ आणि एकतीसच्या वरून ८.

या आकड्यांकडे दोन तऱ्हांनी बघता येतं, आणि त्यांतली एक फसवी आहे. दर हजार माणसांमागे चौकश्या काढल्या तर एकदा दिसलेल्यांत ०.२ पेक्षा कमी, चार ते सातमध्ये ०.९ आणि एकतीसच्या वर १.३. एकूण आलेख चढताच. एजन्सी हाच आलेख दाखवून म्हणते, बघा, जितकी जास्त दाखवू तितकी चौकशी जास्त, कॅप कशाला? पण ३१ वेळा बघणारे हे मुळात रीमार्केटिंगमधले आहेत. त्यांनी वेबसाइट उघडून किमती पाहिल्या, फोटो चाळले, मगच ते या यादीत आले. त्यांच्यातले बरेच जण जाहिरात दहा वेळा दिसली असती तरी फोन करणारच होते. जाहिरात जास्त दिसली म्हणून ते गिऱ्हाईक झाले नाहीत. ते गिऱ्हाईक होण्याच्या बेतात होते म्हणून त्यांना जाहिरात जास्त दाखवली गेली.

दुसरी तऱ्हा खर्चाची, आणि कॅपसाठी तीच वापरायची. प्रत्येक ओळीतला खर्च त्या ओळीतल्या चौकश्यांनी भागा. पहिल्या ओळीत ३२० रुपये, दुसरीत ३३०, तिसरीत ३४७. सात वेळांपर्यंत भाव जवळजवळ सपाट. आठ ते पंधरामध्ये तो ५९४ वर जातो, सोळा ते तीसमध्ये १,३२० आणि एकतीसच्या वर सुमारे ३,८००. शोरूमला एका चौकशीमागे सातशे रुपयांपर्यंत परवडतं असं मालकांनी सांगितलं असेल, तर रेघ पंधराच्या आसपास ओढावी लागेल. महिन्याला पंधरा.

दोन इशारे द्यायलाच हवेत. आठ-नऊ चौकश्यांच्या ओळीवर फार भरवसा ठेवू नका. पुढच्या महिन्यात तिथे पाच किंवा बारा येऊ शकतात. दोन-तीन महिने एकत्र करून बघा. आणि वाटणी "चौकशीच्या आधी किती वेळा दिसली" यावरच झाली आहे ना, हे विचारून घ्या. काही जण महिन्याच्या एकूण आकड्यावर वाटणी करतात. मग तिसऱ्यांदा बघून फोन केलेला, पण यादीतून न वगळल्यामुळे नंतर आणखी चाळीस वेळा छळला गेलेला माणूस ३१ च्या ओळीत जाऊन बसतो आणि ती ओळ उगाच कामाची दिसते.

पंधरा हा आकडा पेटीत लिहिण्याआधी

गुगल अ‍ॅड्समध्ये डिस्प्ले मोहिमेच्या Settings मध्ये Frequency management सापडतं. तिथे आपोआप ठरू देण्याचा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. तो काढून मर्यादा घालायचा पर्याय घेतला की आकडा, मग दिवस, आठवडा की महिना, आणि मोहीम, अ‍ॅड ग्रुप की एकेक जाहिरात हे निवडता येतं.

महिन्याला १५ असं सरळ लिहिलं तर? रोज तीन-चार वेळा सापडणारा माणूस चार-पाच दिवसांत कोटा संपवेल आणि उरलेले पंचवीस दिवस त्याला काहीच दिसणार नाही. स्वयंपाकघर बदलायचं की नाही यावर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा चालते, त्यामुळे ही गैरहजेरी महाग पडते. दिवसाचा कॅप ढिला पडतो हे वर पाहिलं. म्हणून आठवडा बरा. महिन्यात साधारण ४.३ आठवडे, १५ भागिले ४.३ म्हणजे साडेतीन. चला, आठवड्याला ४.

आणि इथे एक चूक लपलेली आहे. डिस्प्ले मोहिमेच्या कॅपमध्ये गुगल अ‍ॅड्स फक्त व्ह्यूएबल इम्प्रेशन मोजतं, म्हणजे जाहिरातीचा निदान ५० टक्के भाग निदान एक सेकंद पडद्यावर होता अशी. पानाच्या तळाशी लोड झालेली, कुणी खाली स्क्रोलच न केलेली जाहिरात कॅपमध्ये धरली जात नाही. आपला तक्ता मात्र सगळ्या इम्प्रेशनवरून बनला होता. दोन मापं वेगळी झाली.

समजा शंभरातली ६० इम्प्रेशन व्ह्यूएबल आहेत. आठवड्याला ४ व्ह्यूएबलचा कॅप म्हणजे प्रत्यक्षात ४ भागिले ०.६, साधारण ६.७ इम्प्रेशन, आणि महिन्याला २८-२९. आपल्याला हवे होते पंधरा! महिनाभराने रिपोर्ट येतो, त्यात पंचवीस-अठ्ठावीसवाले लोक दिसतात आणि सगळे म्हणतात की कॅप चालत नाही. तो नीटच चालत असतो. योग्य हिशेब असा: १५ गुणिले ०.६ म्हणजे महिन्याला ९ व्ह्यूएबल, म्हणजेच आठवड्याला २.

फरक पैशांत बघा. आठवड्याला ४ लावला तर फक्त सगळ्यात खालच्या ओळीतले लोक ८४ वरून २८ वर येतात. ३,३८,४०० इम्प्रेशन वाचतात, सुमारे २०,३०० रुपये. आठवड्याला २ लावला तर शेवटच्या दोन्ही ओळी १४ वर येतात, जवळपास ४,९४,४०० इम्प्रेशन आणि २९,७०० रुपये मोकळे होतात. आपला व्ह्यूएबलचा टक्का रिपोर्टातून घ्या, आमचा ६० उचलू नका. प्लेसमेंटप्रमाणे, म्हणजे जाहिरात कोणत्या साइटवर किंवा कशात दिसली त्याप्रमाणे, तो बराच खालीवर होतो.

पण एकच २ सगळ्यांना लावणं थोडं आडमुठेपणाचं आहे. फोड केल्यावर दिसलंच की दोन गट वेगळे आहेत. नव्या लोकांच्या अ‍ॅड ग्रुपला आठवड्याला २ आणि रीमार्केटिंगला ४ पासून सुरुवात, ही आमची पसंती. रीमार्केटिंगमधून फॉर्म भरलेले आणि ऑर्डर दिलेले लोक आधी वगळायचे. कॅपच्या आधी हे काम. अनेकदा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. दोन गटांसाठी दोन वेगळ्या मोहिमा काढल्या असतील तर एका मोहिमेचा कॅप दुसरीला कळत नाही, हे लक्षात असू द्या. प्रत्येकीला ४ लावला तर दोन्हींत असलेल्या माणसाला ८ दिसतील. म्हणून नव्या लोकांच्या मोहिमेतून रीमार्केटिंगची यादी वगळायची.

कॅप लावल्यावर काय बघायचं

कॅप ही फक्त वरची मर्यादा आहे. ज्या ४८,००० लोकांना एकदाच दिसली त्यांना कॅप लावल्यामुळे दुसऱ्यांदा दिसेल याची हमी नाही. मोकळे झालेले पैसे कुठेतरी जातात, आणि ते कुठे गेले हे शोधणं हेच पुढचं काम.

चार आठवडे आधीचे आणि चार आठवडे नंतरचे आकडे शेजारी ठेवा. कॅप लावला तो आठवडा मधे सोडून द्या. दसरा-दिवाळी एका बाजूला आणि पितृपक्ष दुसऱ्या बाजूला येईल अशी तुलना करू नका. त्यात कॅपचा परिणाम कोणता आणि सणाचा कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

खर्च तेवढाच राहून युनिक यूजर्स वाढले आणि चौकशीचा भाव उतरला, तर पैसे नव्या माणसांकडे वळले. छान. खर्चच कमी झाला तर टार्गेट केलेल्या भागात आणखी माणसं उरलेली नाहीत. घोडबंदर रोडचे दोनच पिनकोड धरले असतील तर हे होणारच. मग कासारवडवलीपासून माजिवड्यापर्यंत पसरायचं की खाडीपलीकडे ऐरोली-घणसोलीला जायचं, हा शोरूमच्या डिलिव्हरीचा प्रश्न आहे, जाहिरातीचा नाही.

तिसरी शक्यता सगळ्यात बेरकी. युनिक यूजर्स एकदम दीड-दोन पट झाले, सरासरी फ्रीक्वेन्सी झकास उतरली, पण चौकश्या जागच्या जागी. अशा वेळी खूश होऊ नका, प्लेसमेंटची यादी उघडा. ओळखीचे लोक कॅपला पोचले की बिडिंग जिथे ओळखच पटत नाही अशा जागांकडे सरकतं, कारण तिथे प्रत्येक जण नवा दिसतो. मुलांचे गेम, टॉर्चची अ‍ॅप, कुठली कुठली वॉलपेपरची अ‍ॅप यांचा वाटा अचानक वाढलेला दिसला, किंवा उपकरणांच्या फोडीत एकाच प्रकाराने उडी मारली, तर तीच माणसं नव्या नावाने मोजली जाताहेत असं समजा. त्या प्लेसमेंट वगळा आणि पुन्हा चार आठवडे थांबा.

रीमार्केटिंगचं बजेटही कॅपवरूनच ठरवून टाका, नाहीतर ते दर वेळी कुठेतरी फट शोधत राहील. चौदा हजार माणसं, आठवड्याला ४, म्हणजे ५६,००० व्ह्यूएबल. ०.६ ने भागलं की साधारण ९३,३०० इम्प्रेशन, ६० रुपये हजाराने आठवड्याला ५,६००, म्हणजे दिवसाला ८००. हे सगळेच्या सगळे चौदा हजार दर आठवड्याला ऑनलाइन सापडले तर. तसं होत नाही, बरेचसे यादीत नुसते पडून असतात. आठवड्याचे युनिक यूजर्स बघा. ते सात हजार निघाले तर रोजचं बजेट ४०० पुरे. आतापर्यंत या गटावर दिवसाला सुमारे १,१२० रुपये जात होते.